भुवईवरच्या एका खुणेला भुललो, चार हजार गेले

इंदिरानगरला दर रविवारी आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो, म्हणजे प्रत्येकानं एक काल्पनिक पात्र होऊन खेळायचा खेळ. एक मित्र त्यात हाफ-ऑर्क खेळतो, म्हणजे सुळे असलेला अर्धा माणूस, अर्धा राक्षस. वाढदिवसाला त्याचं पात्र त्याच्याच चेहऱ्यानं काढून द्यायचं ठरलं. सोशल मीडियावर एक चित्रकार सापडला. चार हजार सांगितले, निम्मे आगाऊ. मी तीन फोटो पाठवले आणि लिहिलं: डावी भुवई मधोमध कापलेली, वरच्या पुढच्या दोन दातांत फट, कान बाहेर आलेले. बाकी कातडी हिरवी, सुळे, काय हवं ते कर.

दोन तासांत चित्राचा मसुदा आला. हिरवा गडी, हातात तलवार आणि भुवईवर तो काप! त्या कापाला बघून मी हुरळलो आणि उरलेले दोन हजारही पाठवले.

रविवारी चित्र टेबलावर ठेवलं तर सगळे विचारायला लागले, "हा कोण?" मग फोटो शेजारी धरला. कान डोक्याला चिकटलेले, तोंड घट्ट मिटलेलं, दोन डोळ्यांतलं अंतर भलतंच. शिवाय तलवार डाव्या हातात, आणि आमचा गडी उजवा. तिथे शंका आली. चित्र आरशासारखं उलटं करून गूगल लेन्समध्ये टाकलं, तर मूळ चित्र एका परदेशी चित्रकाराच्या पानावर निघालं. कोपऱ्यातली सही पुसून भुवईवर एक रेघ तेवढी मारली होती. मी विचारताच माझ्या चित्रकारानं मला ब्लॉक केलं.

नंतर ओळखीच्या एका मुलीकडून चित्र करून घेतलं, तेव्हा कळलं की हे काम खरं कसं होतं. तिनं आधी जवळून काढलेली सेल्फी बाजूला ठेवली, कारण तीत नाक फुगतं. दुरून काढलेला फोटो मागितला. मग पेन्सिलीनं साधा माणूस काढला आणि त्यावर ऑर्क चढवला. जबडा रुंद केला, पण डोळे, नाक आणि ओठ यांची आपसातली अंतरं हलवली नाहीत. सुळे खालच्या जबड्यातून वर आणले, त्यानं खालचा ओठ थोडा ओढला गेला आणि वरच्या दातांतली फट उघडी राहिली. कान टोकदार केले, तरी बाहेरच आलेले. रंग हिरवा, पण सावल्या फोटोत जिथे होत्या तिथेच. मोबाइलवर चित्र काळं-पांढरं करून दाखवलं, तेव्हा समोर आमचा मित्रच होता.

पहिल्या चित्रकारानं असली पेन्सिलीची पायरी दाखवलीच नव्हती. मीही मागितली नव्हती, आणि तिथेच गाडी घसरली. रंग चढण्याआधी ती बघा, आणि पुढचा हप्ता त्यानंतरच द्या.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. मित्राच्या आईनं मात्र दुसरं चित्र बघून पहिला प्रश्न विचारला: "याला हिरवा कुणी केला?"