एडिटची परवानगी मागणारं ईमेल: पाच महिन्यांच्या वापरानंतर

जूनपासून आमच्या दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन मी गूगल डॉक्सवर करतेय. लेखाची लिंक यायची, उघडली की `You need access`. सुरुवातीला मी तिथलंच `Request access` बटण दाबून वाट बघत बसायचे. आता बटणावर विसंबत नाही, फाइलच्या मालकाला वेगळं ईमेल लिहिते.

बदल झाला तो जुलैतल्या एका लेखामुळे. तो लेख पाठवणाऱ्या ताईंनी माझ्या घरच्या जीमेलला परवानगी आधीच दिली होती, पण ब्राउझरमध्ये शाळेचं खातं सुरू होतं. बटण दाबल्यावर विनंती गेली ती शाळेच्या पत्त्यावरून. ताईंना तो पत्ता अनोळखी वाटला आणि त्यांनी ती विनंती बाजूला ठेवली. दोन दिवस गेले. त्यामुळे आता ते पान दिसलं की आधी वरच्या कोपऱ्यातलं खातं बघते. बऱ्याचदा खातं बदललं की लेख उघडतो आणि ईमेलची गरजच उरत नाही.

दुसरी अडचण परवानगीच्या प्रकाराची. नुसतं 'ॲक्सेस द्या' म्हटलं, तर समोरचा माणूस साहजिकच फक्त बघण्याची परवानगी देतो आणि पुन्हा पत्र लिहावं लागतं. शुद्धलेखनाला खरं तर कमेंटरची परवानगी पुरते, कारण त्यातही बदल सुचवता येतात. पण सुचवलेले बदल पक्के करायला एडिटरच असावं लागतं. म्हणून कारणासकट लिहिते:

विषय: पावसावरचा ललित लेख – एडिटची परवानगी हवी

ताई, नमस्कार.
काल पाठवलेल्या लेखाची लिंक उघडत नाही, परवानगी मागतेय. लिंक खाली पुन्हा देतेय. ज्या पत्त्यावरून हे पत्र लिहितेय, त्याच पत्त्याला एडिटर म्हणून जोडाल का? लेखिकेने मान्य केलेल्या दुरुस्त्या पक्क्या करायच्या आहेत. शनिवारी लेख मांडणीला गेला की परवानगी काढून टाकली तरी चालेल.

शेवटचं वाक्य मी सप्टेंबरपासून घालतेय. आपलं लेखन दुसऱ्याच्या हाती देताना लेखकाला धाकधूक असतेच, आणि ती मला रास्त वाटते. मुदत सांगितली की त्याला हो म्हणणं सोपं जातं.

दोन ठिकाणी मात्र हे पत्र थिटं पडतं. मालक प्रवासात असेल तर उत्तर येत नाही. अशा वेळी त्याच लेखावरच्या दुसऱ्या एडिटरला विचारते, कारण मालकाने ती सोय बंद केली नसेल तर एडिटरही इतरांना जोडू शकतो. आणि लेख एखाद्या संस्थेच्या खात्यात असेल, तर तिथल्या ॲडमिनने बाहेरच्यांना देणंच बंद केलेलं असू शकतं. ऑक्टोबरमध्ये एका प्राध्यापकांच्या लेखाचं तसंच झालं. सरांची इच्छा असूनही माझा पत्ता जोडता येईना. शेवटी त्यांनी वर्ड फाइल उतरवून पाठवली आणि मी दुरुस्त्या त्यातच केल्या.