अल्कलाइन पाणी की साधं पाणी: मशीन घेण्याआधी एवढा हिशोब कर

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. तुझ्या मैत्रिणीचा भाऊ घरी येऊन डेमो देऊन गेला, वहिनी मशीनसाठी एक लाख साठ हजार हप्त्यांनी भरायला तयार झाली आणि तू लिहितेस, "मावशी, शरीर अ‍ॅसिडिक झालं की रोग होतात आणि अल्कलाइन पाणी ते अ‍ॅसिड मारतं, हे तर सायन्स आहे ना?" मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, म्हणून तुला आकड्यांनीच उत्तर देते. आकडे थोडेच आहेत आणि ते तुझे तुला पडताळता येतील.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्या घरात "अ‍ॅसिडिटी" म्हणजे पित्त: छातीत जळजळ, आंबट ढेकर. तो विषय पोटाचा. डेमोवाला ज्या "बॉडी अ‍ॅसिडिटी"बद्दल बोलतो ती रक्ताची. शब्द एक असल्यामुळे मेसच्या मिसळीने तुझ्या पोटात होणारी जळजळ हा तुला रक्त आम्लधर्मी झाल्याचा पुरावा वाटतो. जठरातलं आम्ल तीव्र असायलाच हवं. त्याचा पीएच साधारण दीड ते साडेतीन असतो, अन्न पचवायला आणि जंतू मारायला तो तेवढा लागतो. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. पीएच सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क, म्हणजे रक्त मुळातच किंचित अल्कधर्मी आहे.

आता पोटाचा हिशोब. मशीनचं पाणी साडेनऊ पीएचचं आहे असं धरू, आणि जठररस दीड पीएचचा. पीएचचं एक घर म्हणजे दहापट फरक, हे तू अकरावीत शिकलीस. त्या हिशोबाने एक लिटर पाण्यातला, निव्वळ साडेनऊ पीएचमुळे आलेला, सगळा अल्क संपवायला जठररस किती लागतो? एक मिलिलीटर. ड्रॉपरचे वीसेक थेंब. जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करतं.

असं का होतं, हे नीट समजून घे, सगळी मेख तिथेच आहे. पीएच पाण्याची तीव्रता सांगतो. त्या पाण्यात आम्ल मारण्याचा साठा किती आहे, हे तो सांगत नाही. दिवाळीतल्या फुलबाजीची ठिणगी प्रचंड तापलेली असते, तरी हातावर पडली तर फारसं काही होत नाही, कारण तिच्यात उष्णता इवलीशीच असते. बादलीभर कोमट पाणी तिच्यापुढे थंडच, पण उष्णतेचा साठा त्यात कितीतरी जास्त. पाण्यातला हा साठा मुख्यतः विरघळलेल्या बायकार्बोनेटचा असतो. पाणी तपासणीच्या रिपोर्टवर तो "अल्कलिनिटी" या ओळीत दिलेला असतो, पीएचची ओळ वेगळी असते.

आता हे शेजारी ठेवून बघ. आपल्या गावच्या विहिरीसारखं जड पाणी घे, पीएच जेमतेम साडेसात, अल्कलिनिटी लिटरला २०० मिलिग्रॅम. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी हीच पसंतीची मर्यादा दिली आहे. असं एक लिटर पाणी तोच जठररस सुमारे सव्वाशे मिलिलीटर निष्प्रभ करतं. आणि स्वयंपाकघरातला एक ग्रॅम खायचा सोडा? पावणेचारशे मिलिलीटर. निव्वळ पीएचच्या जोरावर तेवढंच काम करायचं तर साडेनऊ पीएचचं पावणेचारशे लिटर पाणी प्यावं लागेल. (म्हणून आजीला सोडा देऊ नकोस, त्यात सोडियम असतं आणि तिला बीपी आहे.)

मशीनच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यात येणारं नळाचं पाणी स्वतःचं बायकार्बोनेट घेऊनच आत येतं, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या पाण्याचा साठा एक मिलिलीटरपेक्षा जास्त भरेल. पण त्यातला बराचसा साठा नळाच्या पाण्याचाच, मशीन त्यात थोडी भर घालतं. पाण्यात क्षार अगदी कमी असले तर वीज नीट वाहतच नाही, म्हणून आरओच्या पाण्यावर ही मशीन धड चालत नाहीत.

रक्ताचं बघू. तू फक्त श्वास सोडतेस तेव्हा दिवसाला सुमारे १५ मोल कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतेस. तो आत साचला तर रक्त आम्लधर्मी होईल. श्वास थोडा वाढला की तो लगेच कमी होतो. याशिवाय अन्नातून, विशेषतः प्रथिनांतून, जे आम्ल तयार होतं ते मूत्रपिंडं बाहेर टाकतात, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक मिलिमोल. तुझ्यासारख्या पन्नास किलोच्या मुलीला रोज पन्नास. दोन लिटर मशीनच्या पाण्यात पीएचमुळे आलेला अल्क ०.०६ मिलिमोल. पन्नासापुढे सहा शतांश! आणि जो काही अल्क जादा होईल तो मूत्रपिंडं लघवीवाटे काढून टाकतात. म्हणून पीएच मोजायच्या पट्टीवर लघवीचा पीएच वाढलेला दिसला तर त्याचा अर्थ शरीराने तो बाहेर टाकला एवढाच. रक्त बदलल्याचा तो पुरावा नाही.

डेमोत तुला काय दाखवलं असेल ते मला माहीत आहे. दोन ग्लास, दोन्हींत सूचकाचे थेंब. आरओचं पाणी पिवळं, मशीनचं गर्द निळं-जांभळं, आणि आई घाबरली. पुढच्या वेळी त्याच निळ्या ग्लासात एक स्ट्रॉ बुडव आणि हळूहळू फुंकत राहा. (सूचक घातलेलं पाणी तोंडात ओढू नकोस.) थोड्या वेळात रंग निळ्याचा हिरवा होईल, मग हिरव्यातून पिवळसरकडे जाऊ लागेल. पाण्यात क्षार जास्त असतील तर वेळ जास्त लागेल. जे पाणी तुझ्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडपुढे रंग बदलतं, ते जठरातल्या आम्लापुढे कितपत टिकेल, याचा तूच विचार कर. वर्गात हा प्रयोग करताना मुलं नेहमी पहिल्यांदा फुंकर मारायला भांडायची.

आता घरात नक्की काय घ्यायचं ते बोलू. तुझ्यासमोर चार पर्याय आहेत.

लाखाच्या वरचं मशीन. प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या टायटेनियमच्या पट्ट्यांमधून वीज सोडून ते पाण्याचे दोन प्रवाह करतं, एक अल्कधर्मी प्यायला आणि एक आम्लधर्मी, जो बहुतेक वेळा सिंकमध्ये जातो. त्यात गाळणी असते, तिचा उपयोग खरा आहे, पण तशी गाळणी काही हजारांत मिळते. जपानमध्ये अशा घरगुती मशीनला पोटाच्या किरकोळ तक्रारींसाठी वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता आहे, हे खरं आहे. ती मान्यता रोग टाळण्यासाठी नाही, आणि विकणारे या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळतात. तुझ्या मैत्रिणीच्या भावावर माझा राग नाही. त्याला साखळीत खाली आणखी माणसं जोडायची आहेत, आणि त्याला जे शिकवलंय ते तो मनापासून सांगतोय.

काळी किंवा पारदर्शक अल्कलाइन बाटली. अर्ध्या लिटरला शंभरेक रुपये मोजायचे, तर लेबलवर पीएचच्या शेजारी बायकार्बोनेट किती लिहिलंय ते बघ. लिहिलेलंच नसेल तर फक्त तीव्रता विकली जातेय.

आरओला लावायचं अल्कलाइन काडतूस. आरओमुळे पाण्यातले क्षार जातात आणि पीएच थोडा उतरतो. काडतूस थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम परत घालतं, त्याने चव सुधारते. स्वस्त आहे, हरकत नाही. पण पुण्यात तुमच्या सोसायटीला महापालिकेचं पाणी येत असेल तर ते मुळात मऊ असतं, आरओची गरजच नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही टीडीएस ५०० च्या आत असलेल्या ठिकाणी आरओ नको असं म्हटलं होतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी पाणी तपासून घ्या.

आणि उकळलेलं नळाचं पाणी. उकळताना त्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, त्यामुळे बायकार्बोनेट असलेल्या पाण्याचा पीएच आपोआप आठच्या पुढे सरकतो. आजी वर्षानुवर्षं पितेय ते पातेल्यातलं पाणी थोडं अल्कलाइनच आहे. मी हाच पर्याय निवडीन, आणि त्यामागचं कारण जंतू मरतात हे आहे.

रोगांबद्दल तू वॉरबर्गचं नाव घेतलंस. ओटो वॉरबर्गला १९३१ साली नोबेल मिळालं, ते पेशींच्या श्वसनातल्या विकराच्या शोधासाठी. कर्करोगाच्या पेशी साखर वापरून लॅक्टिक आम्ल तयार करतात हे त्याने दाखवलं, त्यामुळे गाठीभोवतीचा भाग आम्लधर्मी होतो. म्हणजे आधी रोग आणि मग आम्ल. व्हॉट्सअ‍ॅपवर ते उलटं फिरतंय. अल्कलाइन पाणी आणि कर्करोगाचे अभ्यास धुंडाळणारा एक आढावा २०१६ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये आला. हजारो नोंदी चाळल्यावर निकषांत बसणारा एकच अभ्यास सापडला, तोही आहारातल्या आम्लभाराचा, आणि त्यात संबंध दिसला नाही. प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासात ८.८ पीएचच्या पाण्याने पेप्सिन हे पाचक विकर निकामी झालं होतं. पण ते परीक्षानळीत, आणि तिथे जठर नव्हतं.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. रक्ताचा पीएच खरोखर फार खाली घसरतो तेव्हा माणूस बहुधा आयसीयूत असतो. इन्सुलिन बंद पडलेल्या मधुमेह्याला कीटोअ‍ॅसिडोसिस होतो: खोल जोरजोरात श्वास, उलट्या, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. त्यावर उपचार म्हणजे इन्सुलिन आणि सलाइन. आजीला शुगर आहे. त्या मुलाने तिला "गोळ्या हळूहळू सुटतील" असं सांगितल्याचं तू लिहिलंस, ते वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. तिची एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी होता कामा नये. शिवाय शुगर आणि बीपी दोन्ही जुनी असतील तर मूत्रपिंडं दमलेली असू शकतात, आणि तेव्हा क्षार घातलेलं पाणीसुद्धा विचारूनच द्यायचं. तिचं क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं, तो कागद शोध आणि मला फोटो पाठव. वहिनीला सांग, मशीनवाल्याला दिलेले दोन हजार परत मागायला मी बरोबर येते.

तुझ्या पित्तासाठी रात्री अकराची मिसळ बंद कर, जेवणानंतर दोन तास आडवी होऊ नकोस. महिन्याभरात फरक पडला नाही, वजन उतरायला लागलं किंवा गिळताना अडकायला लागलं, तर पाण्याचा विषय सोड आणि डॉक्टरांकडे जा.