फझर की स्टॅटिक अ‍ॅनालायझर? हॉल्टिंग प्रॉब्लेम डोळ्यासमोर ठेवून निवड

माटुंग्याच्या लॅबमध्ये शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "सर, प्रोजेक्टमध्ये एकच टूल बसवायला वेळ आहे. फझर घेऊ की स्टॅटिक अ‍ॅनालायझर?" तिचा प्रोग्राम बसच्या वेळापत्रकांच्या फाइली वाचतो. मी फळ्यावर लिहिलं:

```python
def f(n):
    while n != 1:
        n = n // 2 if n % 2 == 0 else 3 * n + 1
    return 1 / 0
```

"शेवटच्या ओळीत शून्याने भागलंय. हे कुठलंही टूल पकडेल," ती म्हणाली.

"लूप संपला तरच ती ओळ चालेल ना? f(27) करून बघ."

"१११ फेऱ्यांनंतर एरर आली."

"आता f(0)."

"अडकला. शून्याचं निम्मं शून्यच!"

फझर तऱ्हेतऱ्हेचे इनपुट देऊन प्रोग्राम प्रत्यक्ष चालवतो, त्यामुळे त्याला कुठेतरी थांबावं लागतं. मर्यादा १०० फेऱ्यांची ठेवली, तर २७ आणि ० दोन्ही 'हँग' ठरतात, तेही एकाच यादीत. मात्र त्याने दाखवलेला क्रॅश खरा असतो आणि तो घडवणारा इनपुट हातात मिळतो.

कोणतीही शक्यता न सोडणारा स्टॅटिक अ‍ॅनालायझर काहीच चालवत नाही, फक्त कोड वाचून निष्कर्ष काढतो. लूप संपू शकतो असं धरून तो f(0) लाही इशारा देईल, आणि तो खोटा असेल.

"मग चूक सोडणार नाही आणि खोटा इशाराही देणार नाही, असं टूल का नाही बनवत?"

"या लूपच्या जागी कुठलाही प्रोग्राम ठेव. पुढची ओळ चालेल की नाही हे जे टूल नेहमी अचूक सांगेल, ते तो प्रोग्राम थांबेल की नाही हेही सांगेल. हाच हॉल्टिंग प्रॉब्लेम. सगळ्या प्रोग्रामांसाठी हे ठरवणारी रीत असूच शकत नाही, हे टुरिंगने १९३६ साली सिद्ध केलं. आपला लूप तर प्रत्येक धन पूर्णांकासाठी संपतो का, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही."

"म्हणजे स्टॅटिक अ‍ॅनालायझरवर भरवसाच नको?"

"तसं नाही. २००३ मध्ये 'अ‍ॅस्ट्रे' या स्टॅटिक अ‍ॅनालायझरने एअरबस ए३४० च्या उड्डाण-नियंत्रणाच्या सुमारे १,३२,००० ओळींच्या सी कोडमध्ये रनटाइम एरर नाहीत, हे सिद्ध केलं. पण तो कोड ठरावीक साच्याचा होता आणि टूल त्याच साच्यासाठी घडवलेलं होतं."

तिचा प्रोग्राम बाहेरून आलेल्या वाटेल तशा फाइली वाचतो, म्हणून मी तिला फझर घ्यायला सांगितलं. विमानाच्या कोडसारखं, एकही चूक परवडणार नाही असं काम असतं, तर खोटे इशारे तपासत बसण्याचे कष्ट घेऊनही दुसरा पर्याय सुचवला असता.

"मर्यादा किती ठेवू?"

"सगळ्यात मोठ्या चांगल्या फाइलला लागणाऱ्या वेळेच्या दहापट. हँग ठरलेला प्रत्येक इनपुट जपून ठेव आणि मर्यादा वाढवून पुन्हा चालव. संपला, तर कोड फक्त संथ आहे. नाही संपला, तर डीबगरने मध्येच थांबवून सगळे व्हेरिएबल बघ. बाहेरून नवं काही येत नसताना लूपच्या त्याच जागी सगळे आकडे जसेच्या तसे परत आले, तर तो कधीच थांबणार नाही. आकडे बदलत राहिले, तर कोड स्वतः वाचावा लागेल."