कुरियरच्या वजनवाढीच्या बिलांशी आठ महिने : नागपूरहून कुरोड्या पाठवताना आलेला अनुभव

नागपूरच्या नंदनवन भागात आमचं घर आहे. सासूबाई आणि मी मिळून गव्हाच्या कुरोड्या करतो आणि ऑनलाइन विकतो. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथून ऑर्डरी येतात. गेले आठ महिने एकाच ॲपवरून पार्सलं पाठवतेय. एका खात्यावर चार-पाच कुरियर कंपन्या मिळतात, वॉलेटमध्ये आधी पैसे भरायचे आणि पिकअपवाला दारातून पार्सल घेऊन जातो. पिकअप वेळेवर होतो, माल बहुतेक वेळा पाच-सहा दिवसांत पोहोचतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला सांगायचंय ते कुरियर कंपनी पार्सल पुन्हा मोजून लावते त्या वजनाच्या वाढीव बिलांबद्दल, कारण पहिल्या दोन महिन्यांत आमची कमाई त्यांच्यातच गेली.

अर्धा किलो कुरोड्यांचा खोका आमच्या काट्यावर 680 ग्रॅम भरायचा. दर 500 ग्रॅमच्या टप्प्याने लागतो, म्हणजे एक किलोचे पैसे. कुरोडी हलकी पण जागा खाणारी, त्यामुळे खोक्याच्या मापावरूनही वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. काही कंपन्या याहून लहान आकड्याने भागतात, तिथे तोच खोका आणखी जड ठरतो. काट्यावरचं वजन आणि हे मापाचं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. मला हे ठाऊक होतं, म्हणून हिशेब करूनच 25 × 18 × 11 चा खोका इतवारीतून आणला होता. गुणाकार 4950, भागून 0.99 किलो. एक किलोत बसला म्हणून मी निर्धास्त होते.

पहिल्याच महिन्यात वॉलेटमधून 31 पार्सलांचे जास्तीचे पैसे अडवले गेले. दर पार्सलला पुढच्या टप्प्याचे 40 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 47 रुपये 20 पैसे. सगळे मिळून 1463 रुपये. खोक्यामागे सुटतात जेमतेम साठ रुपये. मी संतापून 31 च्या 31 पार्सलांवर हरकत घेतली. पुरावा म्हणून खोका काट्यावर ठेवलेला एक फोटो टाकला. सगळ्या हरकती फेटाळल्या गेल्या.

यजमानांनी रात्री बसून बिलं नीट पाहिली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक पार्सलचं माप एकच होतं : 26 × 19 × 13, वजन 1.28 किलो. आम्ही टेप घेऊन बंद केलेला खोका बाहेरून मोजला. तो भरला 25.6, 18.6 आणि 12.2. दुकानदार खोक्याचं माप आतून सांगतो. तीन पदरी पुठ्ठा साधारण तीन मिलिमीटरचा, त्यामुळे लांबी-रुंदीत सहा-सहा मिलिमीटर वाढतात. उंचीत वर दोन आणि खाली दोन झाकणं एकावर एक येतात, म्हणून तिथे सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. त्यात कुरियरच्या हबमधलं यंत्र अपूर्णांक पुढच्या पूर्ण सेंटिमीटरला नेतं. म्हणजे कंपनीचं माप बरोबर होतं आणि चूक माझ्या नोंदीत होती. ते पैसे परत आले नाहीत, आणि यायलाही नको होते.

त्यानंतर मी बिल आलं की आधी हेच बघते. एकाच मालाच्या सगळ्या पार्सलांवर तोच तोच आकडा वाढून आला असेल, तर आपलं माप चुकलंय, हरकत घेण्यात वेळ घालवू नये. तीस पार्सलांतलं एकच वेगळं आलं, तर तिथे यंत्राची किंवा माणसाची चूक असण्याची शक्यता मोठी. तिथे मात्र सोडायचं नाही.

आम्ही खोका बदलला. आतून 24 × 17 × 9, बाहेरून 24.6 × 17.6 × 10.2. यंत्राने तिन्ही बाजू वर नेल्या तरी 25 × 18 × 11 होतं, म्हणजे पुन्हा 0.99, पण आता खरोखरचं. त्यात अर्धा किलो बसत नाही, म्हणून पाकीट 350 ग्रॅमचं केलं. कुरोड्या कमी मिळतात याचं काही जुन्या गिऱ्हाइकांना वाईट वाटलं, त्याची खंत आहे.

आता खरी लढाई सांगते. पाचव्या महिन्यात कोल्हापूरच्या एका पार्सलवर 1.98 किलोचं बिल आलं. त्या आठवड्यातली बाकी सगळी 0.99 वर होती. ॲपमधल्या वजनाच्या पानावर मापं दिसतात, ती होती 36 × 25 × 11. मी आकड्यांकडे बघत बसले. आमच्या खोक्याची रुंदी 17.6. दोन खोके शेजारी ठेवले तर 35.2, वर नेलं की 36. पट्ट्यावर आमचे दोन खोके चिकटून गेले होते आणि यंत्राने त्यांना एकच धरलं होतं. दोन टप्पे जास्त, जीएसटी धरून 94 रुपये 40 पैसे.

यावेळी माझ्याकडे पुरावा होता. पहिल्या हरकती फेटाळल्यावर मी मदत केंद्राला फोन करून विचारलं होतं, की तुम्हाला नेमकं काय हवं. उत्तर असं मिळालं : पार्सल बंद केलेलं हवं, लेबल चिकटवलेलं हवं, आणि प्रत्येक फोटोत लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे त्या पार्सलचा कुरियरचा नंबर, वाचता आला पाहिजे. एक फोटो काट्यावरचा, आकडा दिसेल असा, आणि लांबी, रुंदी, उंचीचा टेप लावून एकेक. माझ्या जुन्या फोटोत लेबलच नव्हतं, खोका कोणाचाही असू शकला असता. पार्सल दारातून गेल्यावर हे फोटो काढता येत नाहीत, म्हणून पिकअपच्या आधी प्रत्येक पार्सलचे चार फोटो काढायचे. जाऊबाई टेप धरतात, मी फोटो काढते, वीस पार्सलांना पाऊण तास जातो.

हरकत घेताना मी चार फोटो टाकले आणि वर एवढंच लिहिलं : "36 ही आमच्या दोन खोक्यांची मिळून रुंदी आहे, हबमधला फोटो दाखवा." नवव्या दिवशी पैसे वॉलेटला जमा झाले. त्यांनी पाठवलेल्या हबमधल्या फोटोत दोन खोके एकमेकांना लागून स्पष्ट दिसत होते.

या ॲपवर हरकतीला सात दिवस मिळतात. त्या मुदतीत काही केलं नाही तर बिल मान्य धरलं जातं. दिवाळीच्या घाईत माझी तीन बिलं अशीच गेली, त्यातलं एक नक्की चुकीचं होतं. सूचना फक्त ईमेलवर येते, हे मला अजिबात पटत नाही. गृहउद्योगातल्या किती बायका रोज ईमेल उघडतात? आता मी दर सोमवारी आणि गुरुवारी ते पान स्वतः उघडते.

मालाचं वजन आणि माप एकदा मंजूर करून कायम करून घेण्याची सोयही आहे. आमच्या एका पाकिटाच्या खोक्याला ती मिळाली आणि तेव्हापासून त्याच्यावर बिल आलेलं नाही. पण कुणी दोन पाकिटं मागवली की खोका वेगळा, आणि तो या मंजुरीत येत नाही. त्यांच्यासाठी फोटो काढावेच लागतात.

एक प्रकरण अजून लटकलंय. नाशिकचं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल गिऱ्हाइकाने घेतलं नाही. जाताना वजन चुकीचं वाढवलं होतं आणि परत येतानाही त्याच वजनाने पैसे कापले. जातानाची हरकत मान्य झाली, तेवढे पैसे मिळाले. परतीच्या पैशांसाठी वेगळी तक्रार करा म्हणाले. ती केल्याला आज 22 दिवस झाले. निर्णय कुरियर कंपनीचा असतो, ॲपवाले फक्त कागद पुढे सरकवतात, त्यामुळे फोनवर कुणीच ठाम उत्तर देत नाही. तो खोका मी उघडलेला नाही. लेबलसकट तसाच कपाटावर ठेवलाय, पुन्हा मोजून दाखवायची वेळ आली तर असावा म्हणून.