भाड्याच्या दुकानासाठी रोख डिपॉझिट की बँक गॅरंटी?

बडोद्यात अलकापुरीसारख्या भागातील दुकान दरमहा 1,50,000 रुपये भाड्याने पाच वर्षांसाठी द्यायचे ठरले आणि सहा महिन्यांच्या डिपॉझिटऐवजी भाडेकरूने 9,00,000 रुपयांची बँक गॅरंटी, म्हणजे त्याने पैसे थकवल्यास बँक ते देईल अशी बँकेची लेखी हमी, देऊ केली, तर मालकाने काय करावे? भाडेकरूचा फायदा त्याच्या बँकेवर अवलंबून आहे. बँकेने 25 टक्के मार्जिन घेतले, तर 2,25,000 रुपयांची मुदत ठेव अडकते आणि बाकी भांडवल धंद्यात राहते; पूर्ण रकमेची ठेव मागितली, तर तिचे व्याज भाडेकरूला मिळते खरे, पण दरवर्षी कमिशन द्यावे लागतेच.

मालकाच्या दृष्टीने रोख रक्कम सोयीची, कारण थकबाकी वळती करताना कोणापुढे कागद न्यावा लागत नाही. गॅरंटीचे बळ वेगळे आहे. ती विनाअट असेल, तर भाडेकरूशी वाद चालू असतानाही बँकेला मागणीनुसार पैसे द्यावे लागतात, आणि गंभीर फसवणूक किंवा भरून न येणारे नुकसान दिसल्याखेरीज न्यायालये सहसा मनाई देत नाहीत. मात्र ‘थकबाकी सिद्ध झाल्यास’ असे शब्द मसुद्यात आले की हे बळ गेले. तशी गॅरंटी घेण्यापेक्षा मी रोखच घेईन.

गॅरंटी वटवताना कागदातील शब्द तंतोतंत पाळावे लागतात. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार राज्य या 1999 च्या निकालात गॅरंटी मुख्य अभियंत्यांच्या नावे होती, मागणी कार्यकारी अभियंत्यांनी केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी योग्य मानली नाही. म्हणून दुकान दोन भावांच्या नावे असेल, तर कोणाच्या सहीने मागणी करता येईल हे मसुद्यातच लिहून घ्यावे.

समजा, गॅरंटीची मुदत 31 मार्चला आणि क्लेमची, म्हणजे बँकेकडे तिचे पैसे मागण्याची, मुदत 30 जूनला संपते, आणि भाडेकरू फेब्रुवारी-मार्चचे 3,00,000 रुपये भाडे व 40,000 रुपये वीजबिल थकवून गेला. मालकाने गॅरंटीचा क्रमांक व तारीख देऊन, ‘लीजप्रमाणे देय रक्कम भाडेकरूने भरली नाही’ असे गॅरंटीतील शब्दांतच लिहून 3,40,000 रुपये मागावेत. अंशतः मागणीची मुभा मसुद्यात असली, तर उरलेली गॅरंटी शाबूत राहते. पत्र गॅरंटीत नमूद केलेल्या शाखेतच द्यावे आणि प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोस्टात टाकल्याची तारीख नव्हे, तर शाखेला पत्र मिळाल्याची तारीख 30 जूनच्या आत असावी लागते.

पाच वर्षांच्या लीजला वर्षावर्षाची गॅरंटी मिळाली, तर खरा धोका नूतनीकरणाचा असतो. ‘मुदत वाढवून द्यावी’ एवढेच लिहिलेले पत्र म्हणजे पैशांची मागणी नव्हे. मुदत संपण्याच्या तीस दिवस आधी नवी गॅरंटी न आल्यास तेवढ्याच कारणाने पूर्ण रक्कम मागता येईल, आणि ती डिपॉझिट म्हणून ठेवता येईल, असे कलम लीज आणि गॅरंटी दोन्हींत असावे.