आजीवन प्लॅन की वार्षिक वर्गणी?

समजा, क्लाउड स्टोरेजची वार्षिक वर्गणी 1,500 रुपये आहे आणि आजीवन प्लॅन एकरकमी 6,000 ला. ग्राहकाचे पैसे चार वर्षांत वसूल. कंपनीला मात्र त्याच्या फायली सांभाळायला दरवर्षी, समजा, 400 रुपये लागतच राहतात. वर्गणीत तो खर्च त्या-त्या वर्षीच्या पैशांतून भागतो. आजीवनमध्ये सगळी रोकड पहिल्याच दिवशी येते, पण हिशेबात ती लगेच उत्पन्न ठरत नाही. सेवा दहा वर्षं धरली, तर वर्षाला 600 उत्पन्न. पहिल्या वर्षाअखेर उरलेले 5,400 हे देणंच, कारण त्यांची सेवा अजून द्यायची आहे. ती रोकड जाहिरातींत उडवली, की जुन्यांचा सर्व्हरखर्च नव्या आजीवन ग्राहकांच्या पैशांतून निघतो. म्हणून आजीवन प्लॅनची 'शेवटची संधी' अशी जाहिरात वारंवार झळकू लागली, तर मी वार्षिकच घेतो. स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारं, कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून नसलेलं सॉफ्टवेअर असेल, तर आजीवन खुशाल घ्यावं.