फ्रिजच्या आतल्या थेंबांवर गेलेले ४,८०० रुपये

पावसाळ्यात फ्रिजच्या आतल्या मागच्या भिंतीवर आणि काचेच्या फळ्यांवर पाण्याचे थेंब दिसू लागले की कोल्हापुरात सध्या एक धंदा जोरात चालतो. मेकॅनिक येतो, ‘गॅस उतरलाय’ म्हणतो आणि चार-पाच हजार घेऊन जातो. या धंद्याला मी ४,८०० रुपये देऊन बसलो आहे. नोकरीचा सगळा काळ दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवलेल्या माणसाला हे लिहिताना किती लाज वाटते, हे सांगून कळणार नाही. तरीही लिहितो आहे, कारण यातली खरी लबाडी पैसे उकळण्यात नाही. त्या माणसाचे काम ‘झाले’ असे आपल्याला पटते कसे, तिथे ती आहे.

आमचा फ्रिज दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री, वॉरंटी संपलेला. आषाढ चालू होता, बहिणीकडची मंडळी आखाडाच्या मटणाला आली होती आणि तांबडा-पांढरा रस्सा कोल्हापुरी हाताने झाला होता, म्हणजे दोन्ही पातेली निम्मी उरली. रात्री ती कोमट म्हणावी अशा अवस्थेत मधल्या फळीवर गेली. खरे सांगायचे तर ती कोमटपेक्षा जास्तच होती, पण अकरा वाजता स्वयंपाकघर आवरणाऱ्या बाईने पातेल्यांपाशी किती वेळ राखण करत बसायचे? त्यात दुधाच्या पिशव्या, सोलकढीचे भांडे, भिजवलेली कडधान्ये आणि मिठाईचे खोके मागच्या भिंतीला टेकेपर्यंत रचलेले. सकाळी भिंतीवर थेंब, फळ्यांवर थेंब, आणि भाजीच्या ट्रेच्या काचेवर चक्क पाण्याचे ओघळ होते.

इंटरनेटवर कंपनीचे नाव टाकून शोधले तेव्हा सगळ्यात वर जो क्रमांक आला, तोच लावला. तो कंपनीचा नव्हता, हे मला नंतर कळले. दुपारी एक तरुण आला. बोलायला गोड, पाठीवर बॅग, गळ्यात ओळखपत्रासारखे काहीतरी. त्याने दार उघडले, भिंतीवर बोट फिरवले आणि म्हणाला, “काका, गॅस उतरलाय की. बघा कसं पाणी सुटलंय. आतला मॉइश्चर फिल्टर पण बसलाय.” मग त्याने फ्रिज पूर्ण रिकामा करायला लावला. सौ.ने फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे काढून ओट्यावर ठेवला, तो खडखडीत वाजला. मटाराची पिशवी दगडासारखी झाली होती.

इथेच मला कळायला हवे होते. ज्या फ्रिजमधला गॅस ‘सगळा उतरला’ आहे, त्याच्या फ्रीजरमध्ये बर्फ असा गोठलेला कसा राहील? गॅस गेला की बर्फ नीट होईनासा होतो, मशीन न थांबता चालत राहते आणि खालचे दूधही नासते. यातले काहीही आमच्याकडे झाले नव्हते. पण समोरचा माणूस ठामपणे बोलत असताना ओट्यावरच्या बर्फाच्या ट्रेकडे कोण बघतो?

दुसरी खूण तर याहून उघड होती. फ्रिज पुढे ओढून तो मागे बसला आणि त्याने गेज माझ्यासमोर धरले. “काटा शून्यावर आलाय, बघा.” काटा शून्यावर होता, हे खरे. पण त्या गेजची नळी त्याच्या बॅगेशेजारी फरशीवर मोकळी लोंबत होती. हाताला पट्टा न बांधता रक्तदाब सांगावा, तसा तो प्रकार होता. उघड्या हवेत धरलेले गेज शून्याखेरीज दुसरे काय दाखवणार? ती लोंबणारी नळी मी या डोळ्यांनी पाहिली आणि गप्प बसलो, याचा राग अजून जात नाही.

मग मागून फुस्स असा आवाज आला, आणि थोड्या वेळाने काम आटोपले. हिशेब असा: भेटीचे ३५०, गॅस भरण्याचे ३,२००, मॉइश्चर फिल्टरचे ८५० आणि सर्व्हिसिंगचे ४५०. एकूण ४,८५०. त्यातले पन्नास त्याने ‘काकांसाठी’ सोडले. ४,८०० रुपये यूपीआयने त्याच्या वैयक्तिक क्रमांकावर गेले. बिल व्हॉट्सॲपवर येणार होते, ते आजतागायत आले नाही. जाताना त्याने भिंत आणि फळ्या कोरड्या फडक्याने पुसल्या आणि बजावले, “गॅस सेट व्हायला वेळ लागतो काकू, आज रात्रीपर्यंत काही ठेवू नका, उद्यापासून पण थोडं थोडंच ठेवा.”

सगळी किमया या एका वाक्यात होती. फ्रिज रिकामा राहिला, पुसलेला राहिला, दार फारसे उघडले गेले नाही. थेंब येणार कुठून? दुसऱ्या दिवशी भिंत कोरडी ठणठणीत पाहून मी शेजारच्यांनाही त्याचा क्रमांक दिला, ही त्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट. मग फ्रिज पूर्वीसारखा भरला, आमटीचे गरम पातेले आत गेले आणि थेंब पुन्हा तसेच आले. फोन लावला तर तो उचलत नव्हता.

शेजारच्या वहिनींचा भाचा आयटीआयमधून रेफ्रिजरेशन शिकलेला आहे आणि फ्रिज-एसीचीच कामे करतो. त्याने आधी मागचा भाग पाहिला. घरगुती फ्रिजच्या कॉम्प्रेसरला एक छोटी तांब्याची नळी असते, ती कारखान्यातच चेपून बंद केलेली असते. गॅस तपासायचा किंवा भरायचा तर ती कापावी लागते, नाहीतर तिच्यावर भोक पाडणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. आमची नळी जशीच्या तशी होती, तिच्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती. फिल्टर म्हणजे तांब्याच्या नळीत जोडलेली बोटभर लांबीची कुपी. ती बदलायची तर नळी कापून, नवी कुपी जोडून, पंपाने आतली हवा ओढून घेऊन पुन्हा सीलबंद करावे लागते. आमची जुनीच कुपी जागेवर होती. म्हणजे गॅस भरला नाही आणि फिल्टरही बदलला नाही. डब्यातला गॅस त्याने नुसता हवेत सोडला.

त्याने कॉम्प्रेसरवरचे लेबलही वाचून दाखवले. आत आर६००ए हा गॅस, आणि तो किती ग्रॅम भरायचा याचा आकडाही शेजारीच. हा गॅस ज्वालाग्राही असतो आणि तो काट्यावर तोलून भरतात. आमच्या त्या मेकॅनिकने ‘गॅस भरताना’ चार फुटांवर शेगडी पेटलेली होती, आणि वर सौ.ला चहा टाकायला सांगितले होते! खरे काम करणारा माणूस आधी शेगडी बंद करायला लावेल आणि खिडकी उघडेल.

मग थेंबांचे कारण काय, तर ते त्याने जागेवरच दाखवले. आमटीच्या पातेल्याच्या बरोबर वर असलेल्या काचेच्या खालच्या बाजूला थेंबांचा गोल उमटला होता, पातेल्याच्या तोंडाएवढा. मागच्या भिंतीवर थेंब सगळीकडे सारखे नव्हते. जिथे मिठाईचे खोके थंड हवेच्या झरोक्यांना चिकटले होते, त्याभोवती ते दाट होते. गॅस गेल्याने असा नकाशा उमटत नाही. २८ अंशांच्या हवेत जेवढी वाफ मावते, तिच्या जेमतेम पाव हिस्सा ४ अंशांच्या हवेत मावतो, त्यामुळे गरम पातेल्यातून निघालेली वाफ समोर येईल त्या थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये पंखा हवा फिरवतो, ती ओलसर हवा पडद्यामागच्या थंड कॉइलवर जाते, ओल तिथे बर्फ होऊन चिकटते, ठरावीक वेळाने हीटर तो बर्फ वितळवतो आणि पाणी नळीने खाली कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाऊन सुकते. झरोके खोक्यांनी बुजले की हवा कॉइलपर्यंत पोहोचत नाही आणि ओल आतच भिंतींवर आणि फळ्यांवर उतरते. कोल्हापुरातल्या पावसाळी हवेत दार उघडे राहिले तर त्यात आणखी भर पडते.

खोके आणि पिशव्या भिंतीपासून तीन बोटे पुढे ओढल्या, प्रत्येक भांड्यावर झाकण आले, आणि मोठे पातेले आत जाणे बंद झाले. आता रस्सा पसरट भांड्यांत विभागून, परातीतल्या गार पाण्यात ठेवून निववतो आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवतो, कारण मटण रात्रभर बाहेर ठेवणे हाही काही उपाय नव्हे. थेंब थांबले. खर्च शून्य.

प्रत्येक वेळी दोष आपल्या भांड्यांचाच असतो, असेही नाही. दारात नोट अडकवून ती सहज निसटली तर रबर सैल आहे. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर निचऱ्याचे भोक तुंबले असेल. फ्रीजरच्या मागच्या पडद्यावर बर्फाचा थर चढत असेल तर हीटरकडे बघावे लागते. आणि काही मॉडेलमध्ये थंड पत्रा मागच्या भिंतीतच असतो, तिथे थेंब येऊन खालच्या खाचेत ओघळणे हे नेहमीचेच आहे.

आता तक्रारीचे. पोलीस ठाण्यात सांगितले गेले, “ओटीपी कुणी घेतला नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत, यात सायबर काय आहे?” बँकेने सांगितले, व्यवहार खातेदाराच्या संमतीने झालेला असल्याने परत फिरवता येत नाही. कंपनीने सांगितले, तो आमचा माणूसच नव्हे. तुम्हाला आमचा माणूस हवा असेल तर वॉरंटीबाहेर असल्यामुळे भेटीचे शुल्क लागेल. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात मागितले गेले ते बिल, आणि समोरच्याचे नाव-पत्ता. बिल न देणे हीच ज्याची लबाडी, त्याचे बिल मी कुठून आणू? पत्ता शोधणे हे माझे काम की पोलिसांचे, हे विचारल्यावर समोरच्या गृहस्थांनी पुढच्या माणसाला बोलावले. शेवटी माझ्या तक्रारीची स्थिती ‘निकाली’ अशी झाली आणि मोबाईलवर, सेवेबद्दल समाधानी आहात का, असा संदेश आला!

तेव्हा क्रमांक फ्रिजच्या कागदपत्रांवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. ‘गॅस गेला’ म्हणणाऱ्याला आधी फ्रीजरमधला बर्फ दाखवा. नळी कुठे जोडली ते बघा, जुना फिल्टर हातात मागा, आणि छापील बिलाशिवाय यूपीआय उघडू नका.

गेल्या आठवड्यात त्याच आवाजात एका नव्या क्रमांकावरून फोन आला: “काका, फ्रिजचं वार्षिक मेंटेनन्स करून टाकूया, फक्त २,४९९.” मी म्हटले, करूया की, आधीच्या ४,८०० चे बिल आणि तुझा पत्ता घेऊन ये. फोन तेवढ्यात कट झाला.